'मोठी कंपनी' म्हणजे नक्की कशानं मोठी?

मोठ्या कंपन्यांच्या याद्या आल्या की आपल्या सांगली-साताऱ्याच्या ग्रुपवर वाद ठरलेला. किर्लोस्कर ब्रदर्सचा नंबर एका यादीत एक, दुसरीत भलताच. मग कुणीतरी म्हणतं, "याद्या मॅनेज असतात." पण नंबर बदलायला लबाडी लागतेच असं नाही, मोजपट्टी बदलली तरी पुरतं.

बहुतेक याद्या दोन गोष्टी मोजतात. एक, वर्षभराची विक्री. दुसरी, बाजारमूल्य, म्हणजे शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. किर्लोस्कर ब्रदर्सचे शेअर आहेत जवळपास ८ कोटी. मार्च २०२३ अखेर भाव चारशेच्या आसपास होता, म्हणजे बाजारमूल्य सव्वातीन हजार कोटींच्या घरात. त्या वर्षीची विक्री मात्र सुमारे ३,७०० कोटी. पुढच्या वर्षी विक्री ४,००० कोटींवर गेली, पण भाव पोचला अकराशेच्या आसपास आणि बाजारमूल्य साडेआठ हजार कोटींच्या वर. विक्री सात-आठ टक्के वाढली आणि बाजारमूल्य अडीच पटीहून जास्त! नफा चांगला वाढला होता, आणि तो पुढेही वाढेल या आशेवर लोक जादा भाव मोजत होते. म्हणजे पहिली यादी झालेला धंदा मोजते, दुसरी येणाऱ्या धंद्याबद्दलची अपेक्षा. भाव पडला की कारखान्यात काहीही न बदलता नंबर घसरतो.

विक्रीतही मेख आहे. वरचे ४,००० कोटी इंग्लंडमधल्या एसपीपी पंप्ससारख्या उपकंपन्या धरून आहेत. फक्त मूळ कंपनी धरली तर आकडा तीन हजार कोटींच्या आत येतो. यादीवाल्यानं कोणता धरला, ते तळटीपेत बघावं लागतं.

आता आपल्या कामाचा मुद्दा. औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना आजही पलूस तालुक्यात आहे, पण कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय पुण्यात. पत्त्यावरून जिल्हावार यादी केली की ही कंपनी पुण्याच्या खात्यात जाते, सांगलीच्या नाही.

आणि आपले सहकारी साखर कारखाने? त्यांचे शेअर सभासद शेतकऱ्यांकडे, शेअरबाजारात त्यांचा भावच निघत नाही. त्यामुळे बाजारमूल्याच्या यादीत ते खालच्या नंबरावरही नसतात, मुळात नसतातच. हजारो सभासदांचा ऊस गाळणारा कारखाना त्या यादीपुरता अस्तित्वातच नाही.

म्हणून उद्या प्रचारात कुणी "जिल्ह्यातली सर्वांत मोठी कंपनी" म्हणालं, तर एवढंच विचारा: कशानं मोठी? विक्रीनं, शेअरच्या भावानं, की इथल्या गेटवर रोज हजेरी लावणाऱ्या माणसांच्या संख्येनं? आपल्या पोरांच्या नोकरीचा प्रश्न असेल तर तिसरा आकडा मागा. तो या दोन्ही याद्यांत नसतो.