वेगळा शब्द

दिवाळी अंक घरात आला की माझे वडील आधी कोड्यांचे पान उघडीत. कथा, कविता, व्यंगचित्रे यांचा क्रम मागाहून. अण्णांचे सारे आयुष्य छापखान्यात खिळे जुळविण्यात गेले, त्यामुळे अक्षरांशी खेळण्याचा हा हक्क आम्ही त्यांना बिनतक्रार दिला होता. पण दोन वर्षांपासून त्यांना छापील अक्षर दिसेनासे झाले, आणि ते पान आपोआप माझ्याकडे आले. खरे सांगायचे तर त्यात मला थोडा अपराधीपणाच वाटे.

यंदा पाडव्याच्या सकाळी चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आम्ही बसलो होतो. मी मोठ्याने वाचले, "गटात न बसणारा शब्द ओळखा : दुकान, बंगाल, उशीर, वेगळा, समोर."

"बंगाल!" माझी मुलगी म्हणाली. "ते विशेषनाम आहे."

"समोर," सौभाग्यवती म्हणाल्या. "ते अव्यय आहे."

मी उत्तर पाहिले. 'समोर' हेच होते! मी शाबासकी देणार, तोच अण्णा म्हणाले, "उत्तर बरोबर असेल, पण कारण चूक. 'समोर' का बाहेर, ते सांगितलंत. उरलेले चार एकत्र का, ते कुठं सांगितलंत? कोड्याची किल्ली पाचही कुलपांना लागली पाहिजे."

खरेच, दुकान आणि उशीर यांचे नाते काय? अर्थाने तर काहीच नाही. अण्णांनी डोळे मिटले आणि पुटपुटले, "दुकान... कान. बंगाल... गाल. उशीर... शीर. अवयव लपलेत. आणि समोरमध्ये मोर! म्हणजे तो पक्षी बाहेर."

आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्यांचा चेहरा खुलला नाही. "वेगळा राहिला," ते म्हणाले. "त्यात काय आहे? वेग? वेग हा काही अवयव नव्हे."

मला उत्तर दिसत होते. कागदावर ते इतके स्पष्ट होते की, यांना कसे कळत नाही, असे क्षणभर वाटले. मी तोच शब्द पुन्हा, जरा जोरात वाचला. तिसऱ्यांदा वाचला. अण्णा नुसते मान हलवीत राहिले. वय झाले, असे माझ्या मनात आले आणि मी सांगण्यासाठी तोंड उघडले.

"थांब," ते म्हणाले. "शब्द नको वाचूस. अक्षरं सांग."

"वे... ग... ळा."

"गळा!" ते जवळजवळ ओरडलेच.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की चूक माझ्या वाचण्यात होती. आपण 'वेगळा' लिहितो, पण बोलताना 'वेग्ळा' म्हणतो. मधल्या 'ग'मधला अ तोंडातच विरतो. 'गळा' म्हणताना मात्र तोच 'ग' पुरता उमटतो. म्हणून हा गळा डोळ्यांना दिसतो आणि कानांना सापडत नाही. 'सगळा' आणि 'बगळा' यांतही तो असाच दडून बसला आहे. मी जितक्या जोराने वाचीत होतो, तितका तो झाकीत होतो. अण्णांना मात्र अक्षरे सुटी मिळाली, आणि सुटी अक्षरे हाताळण्यात तर त्यांचा जन्म गेला होता.

दुपारी मुलीने आजोबांसाठी स्वतःचे कोडे रचले. पहिलाच शब्द होता 'गालिचा'. आजोबांनी तो परत केला. "यात 'ल' नाही, 'लि' आहे. वेलांटी तोडून गाल काढायचा नाही. अक्षर अख्खं राहिलं पाहिजे." मग तिने 'पायजमा' आणला. तोही नामंजूर! "पायजम्यात पाय असायचाच. तो लपलाय कुठं? शब्दाच्या अर्थाशी ज्याचा संबंध नाही, तोच खरा लपलेला."

ती रुसेल असे मला वाटले होते. पण अर्ध्या तासाने ती वही घेऊन परत आली आणि आजोबांच्या कानाशी बसून एकेक अक्षर सांगू लागली : प-हा-ड, न-ख-रा, उ-पा-य, अ-न-न-स, व-खा-र.

अण्णा बोटे मोजीत होते. "हाड. नख. पाय. नस..." ते थांबले, मग हसले. "आणि वखारीत खार! ती बाहेर."

मी दिवाळी अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, पानांवरून बोट फिरवले, छपाईचा वास घेतला आणि माझ्याकडे परत केला.

"पुढचं कोडं घे," ते म्हणाले. "अक्षरं सांग. सावकाश."