निवेदनातला हरवलेला कर्ता

लांबलेला अहवाल आखडताना आम्ही प्रथम कर्ता शोधतो. बोरगावच्या पालकांचे निवेदन लिहावयाचे आहे असे समजू. रूढ वाक्य असे होते : ‘गावातील प्राथमिक शाळेमध्ये मराठी विषयाच्या शिक्षकाची नेमणूक करण्यात यावी, अशा प्रकारची मागणी पालकांच्या वतीने सदर निवेदनाद्वारे करण्यात येत आहे.’ शब्द १९. भरताड काढल्यावर १० उरतात : ‘गावाच्या प्राथमिक शाळेत मराठीचा शिक्षक नेमावा, अशी पालकांची मागणी आहे.’

आता उणीव उघडी पडते. नेमावयाचा कोणी? ‘करण्यात यावी’ने हाच प्रश्न झाकला होता. उत्तर राज्यघटनेत आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करणे, हे अनुच्छेद ३५०क राज्य व स्थानिक प्राधिकरण या दोघांवर सोपवतो. म्हणून आरंभी ‘राज्य शासनाने’ हे दोन शब्द घालावेत. त्या दोन शब्दांनी वाक्य वाढते, पण जबाबदारी निश्चित होते.

मात्र सही प्रतिनिधीची असेल, तर ‘वतीने’ राहू द्यावे. तो अधिकाराचा उल्लेख आहे. तसेच ‘पद रद्द करण्यात आले’ या वाक्यामागचा आदेश कोणाचा हे कागदावरून सिद्ध होत नसेल, तर कर्मणी रचना मोडू नये. अंदाजाने घातलेले नाव हा पुराव्याविना केलेला आरोप ठरतो.