आधी अस्तर भिजवा

ब्लाऊज शिकायला आलेल्या मुलीच्या हातात मी आधी कात्री देत नाही, बादली देते. सुती अस्तर रात्रभर साध्या पाण्यात ठेवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची आणि मगच त्यावर मापं टाकायची. माझे व्हिडिओही तसेच सुरू होतात. पुष्कळजणी तिथंच कंटाळून निघून जातात, हे मला फोनवर दिसतं.

मला पहिली जाहिरात मिळाली ती अस्तर विकणाऱ्या एका कंपनीची, आणि त्यांना नेमकी बादलीच नको होती. फोनवरचा मुलगा अदबीने बोलत होता. त्याने सुचवलेले काही बदल तर मला पटलेच. कापताना माझ्या हाताची सावली टेपवर पडते, इंच दिसत नाहीत, म्हणून दिवा डाव्या बाजूला घ्या, असं तो म्हणाला. सुरुवातीची माझी बडबड कमी करा, हेही खरंच होतं. मग म्हणाला, "ताई, भिजवायचं तेवढं काढून टाका. आमचं अस्तर आटत नाही, तसं एक वाक्य बोला. आणि जाहिरात आहे हे खाली वर्णनात शेवटी लिहिलं तरी चालेल."

तो खोटंच बोलतोय असं मला वाटलं नाही. गिरणीतच आटवून घेतलेलं कापड बाजारात मिळतं. पण नुसतं हातात धरून ते ओळखू येत नाही. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि कापड आखडतं. ते बहुधा उभ्या अंगाला जास्त आखडतं. म्हणून त्यांनी पाठवलेल्या अस्तरावर मी 50 सेंटिमीटरचा चौकोन पेन्सिलीने आखला, उभ्या धाग्याच्या दिशेने बाण काढला आणि नेहमीसारखं भिजवून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजलं. आडवं माप अर्ध्या सेंटिमीटरने कमी भरलं. उभं भरलं साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे शंभरात तीन.

ऐकायला तीन काहीच वाटत नाही. पण साडेचौदा इंच उंचीच्या ब्लाऊजमध्ये ते जवळजवळ अर्धा इंच होतं. वरचं कापड पॉलिएस्टरचं असेल तर ते पाण्यात जवळपास तसंच राहतं. पहिल्या धुण्यानंतर आतलं अस्तर आखूड होतं आणि बाहेरचं कापड त्यावर फुगून बसतं. टक्सच्या टोकाशी चुण्या पडतात, खालची पट्टी आत वळते. गिऱ्हाईक म्हणतं, शिलाई ओढली गेलीय. ब्लाऊज उलटा केला की खरं कारण कळतं: अस्तर ताठ आणि वरचं कापड सैल. शिवणीत सोडलेली माया इथं कामाची नाही, कारण ती बाजूंना असते आणि कमी पडलेली असते उंची. अस्तर उसवून पुन्हा लावायचं, आणि त्याचे पैसे कुणी मागायचे?

माझ्या दुकानातली चूक एका ब्लाऊजपुरती असते. व्हिडिओ बघणारी मुलगी मात्र फोन थांबवत थांबवत दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नातल्या साडीचा ब्लाऊजपीस कापत असते. तिच्याकडे त्या गिऱ्हाइकाला द्यायला दुसरा तुकडा नसतो. मी बोललेलं वाक्य ती कंपनीचं म्हणून ऐकणार नाही, माझं म्हणून ऐकेल. कायद्याचंही साधारण हेच म्हणणं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची नीट खातरजमा केली असेल तर तो वाचतो. मी ती खातरजमा बादलीत केली होती.

मी त्या मुलाला मोजमापांचे फोटो पाठवले. दिवा हलवला, बडबड कापली, भिजवण्याचा भाग पळता करायलाही तयार झाले. रात्रभर बुडालेलं कापड कुणी बघत बसावं असा माझा हट्ट नव्हता. पण टेप लावलेला क्षण आहे तसा राहील, 'जाहिरात' हा शब्द सुरुवातीलाच पडद्यावर येईल, आणि मी म्हणेन की अस्तर मऊ आहे, वीण घट्ट आहे, भिजवून घेतलं तर चांगलं बसतं. ही तिन्ही वाक्यं खरी होती. तो म्हणाला, वरच्यांना विचारतो. वरच्यांनी ठरलेल्या पैशातले निम्मे देऊ केले. शिलाई मशीनच्या हप्त्याची तारीख जवळ आली होती, तरी घासाघीस न करता मी ते घेतले. निम्म्या पैशात माझं वाक्य माझ्याकडे राहत होतं, आणि तो सौदा मला महाग वाटला नाही.

आता कुणी जाहिरातीचं विचारलं तर दर सांगण्याआधी मी मीटरभर कापड मागवते. कापड पाठवायला कां कूं करणाऱ्यांशी पुढचं बोलणं आपोआपच वाचतं.