तक्त्यातल्या दोन ओळी

माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. डावीकडे मराठी विभक्तीचे प्रत्यय, उजवीकडे इंग्रजी शब्द. ने म्हणजे ‘बाय’ किंवा ‘विथ’, ला म्हणजे ‘टू’, ऊन म्हणजे ‘फ्रॉम’, चा-ची-चे म्हणजे ‘ऑफ’, त म्हणजे ‘इन’. मीच स्केचपेनने लिहिलेला, चौकटी आखलेला. पाचवीची मुलं तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत आणि मी पाठ करून घेई. कित्येक वर्षं. मुलं तरीही चुकली की मी म्हणायचे, ‘मराठीत विचार करता ना, म्हणून होतं हे.’ दोष मराठीचा आणि मुलांचा. तक्त्याचा असेल असं कधी मनातही आलं नाही.

एका चाचणीत मी दोन वाक्यं भाषांतराला दिली होती. ‘मी आंबा कापला’ आणि ‘आईने आंबा कापला’. एका मुलीने पहिलं अगदी बरोबर लिहिलं, ‘आय कट अ मँगो’. दुसऱ्याला तिने लिहिलं, ‘बाय मदर कट मँगो’. मी लाल रेघ मारून शून्य दिलं. ती वही घेऊन टेबलाशी आली.

‘बाई, ने म्हणजे बाय ना?’

‘इथे नाही.’

‘मग कुठे?’

तास संपला होता, म्हणून मी सुटले. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. इंग्रजी बरोबर लिहिता येतं आणि ते का बरोबर हे सांगता येतं, यांत फरक असतो. तो मी आयुष्यभर झाकून ठेवला होता. त्या मुलीने काहीही चूक केली नव्हती. मी सांगितलं ते तिने तंतोतंत केलं आणि त्याबद्दल मी तिला शून्य दिलं.

घरी तपासायच्या वह्यांत तिचीच वही वर होती. मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. पहिलं बरोबर आणि दुसरं चूक, असं का? कापणारा दोन्हीकडे कर्ताच. पण मराठीत ‘मी’ला भूतकाळात ने लागत नाही, ‘आई’ला लागतो. जिथे ने नव्हता तिथे मुलगी चुकली नव्हती. मग मी तेच वाक्य वर्तमानकाळात लिहून पाहिलं. ‘आई आंबा कापते.’ ने गायब. आई तीच, आंबा तोच, सुरीही तीच. काळ बदलला आणि प्रत्यय गेला. भूतकाळात तर क्रियापदही आईला सोडून आंब्याच्या मागे जातं. आईने आंबा कापला, आईने कैरी कापली. म्हणजे हा ने मराठीच्या स्वतःच्या घरातली व्यवस्था आहे. इंग्रजीत तसलं काही नाही, तिथे ‘मदर’ भूतकाळातही नुसती ‘मदर’च राहते. ‘बाय’ येतो तो वाक्य उलटं फिरवून ‘आंबा आईकडून कापला गेला’ असं म्हणायचं असेल तेव्हा.

मग मराठी व्याकरणाचं पुस्तक उघडलं आणि अधिकच ओशाळले. मराठीत विभक्ती आणि कारक हे दोन वेगळे शब्द आहेत. विभक्ती म्हणजे नामाचं बदललेलं रूप, आणि कारक म्हणजे त्या नामाचं वाक्यातलं काम. कोण करतो, कोणावर क्रिया होते, कशाने होते, कोणासाठी, कुठून, कुठे. एकच प्रत्यय दोन कामं करू शकतो हे पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असतं. द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींच्या रकान्यांत तोच ला मी शाळेत असल्यापासून म्हणत आले होते. तक्ता करताना दोन्ही ठिकाणी ‘टू’ लिहून मोकळी झाले, कारण प्रत्यय सारखा दिसत होता.

आता मी प्रत्ययाकडून थेट इंग्रजीकडे जात नाही. मध्ये थांबून काम विचारते. हे वाक्य घ्या : ‘आईने मला सुरीने आंबा कापून दिला.’ इथे ने दोनदा आहे. आई काय करते? कापते. ती कर्ता, म्हणून इंग्रजीत क्रियापदाच्या आधी बसेल आणि तिच्यापुढे काहीही लागणार नाही. सुरी काय करते? ती साधन आहे, म्हणून ‘विथ अ नाइफ’. आंबा कापला जातो, तो क्रियापदाच्या लगेच नंतर, पुन्हा काहीही न लावता. आणि ‘मला’ म्हणजे माझ्यासाठी, म्हणून ‘फॉर मी’. सगळं मिळून ‘मदर कट अ मँगो फॉर मी विथ अ नाइफ’. तक्त्यातला ‘बाय’ आणि ‘टू’ दोन्ही इथे लागलेच नाहीत. (इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला मला, याची पहिले दोन महिने गंमत वाटते, मग सवय होते.)

क्रियापदाच्या आधी आणि नंतर, या दोन जागा नवशिक्याने जपायच्या. ‘सीतेने रामला पाहिलं’ आणि ‘रामला सीतेने पाहिलं’ यांत आपल्याला अर्थाचा फरक नाही, कारण प्रत्यय नामाला चिकटून बरोबर फिरतो. इंग्रजीत ‘सीता सॉ राम’ची अदलाबदल केली की पाहणारा राम होतो. आपल्या ने आणि ला यांचं काम तिथे जागा करते. म्हणून ‘सॉ टू राम’ नाही. मराठीतही ‘आंबा पाहिला’ म्हणताना आपण आंब्याला ला लावत नाही, रामला लावतो.

पण काम ओळखलं की सगळं सुटतं, असं मी आता मुलांना सांगत नाही. तो नवा तक्ता होईल. ‘मुंबईला गेलो’ याचं ‘वेंट टू मुंबई’ होतं, ‘मुंबईला पोचलो’ याचं ‘रीच्ड मुंबई’, मध्ये ‘टू’ नाही. ‘ती मला म्हणाली’ म्हणजे ‘शी सेड टू मी’, पण ‘तिने मला विचारलं’ म्हणजे ‘शी आस्क्ट मी’. ‘मी कुत्र्याला घाबरतो’ यातल्या लाला तर ‘ऑफ’ लागतो. इथे मुंबई, मी, कुत्रा यांच्याकडे पाहून उपयोग नाही, त्या त्या इंग्रजी शब्दाची सवय पाहावी लागते. म्हणून ‘सेड टू’, ‘अफ्रेड ऑफ’ असे शब्द मी जोडीनेच फळ्यावर लिहिते, आणि ‘रीच’, ‘आस्क’ यांच्यापुढे मुद्दाम रिकामी चौकट काढते.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी गुण दिले आणि वर्गासमोर सांगितलं की चूक माझी होती. ती एवढंच म्हणाली, ‘मग तक्ता खोडू का?’ आम्ही तो पूर्ण काढला नाही. ऊन, चा आणि त या ओळी सुरुवातीला बऱ्यापैकी चालतात. ने आणि ला यांच्या ओळींवर तिनेच पट्टीने रेघ मारली. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर असा तक्ता असेल, तर त्याच दोन ओळींवर तुम्हीही मारा.