कढईतलं तेल आणि नानखटाईतला डालडा

भाईजानच्या हृदयात स्टेंट बसून दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी मटण कमी केलं, अंड्याचा पिवळा बलक सोडला. पण रमजानमधली मिरचीची भजी आणि चहासोबतची खारी मात्र सुटली नाही. "हे तेलातलं आहे, चरबी थोडीच आहे?" असं ते म्हणतात. आमच्या नंदुरबारात असं मानणारे ते एकटेच नाहीत, म्हणून हे लिहितोय.

आधी कढईचं बघू. इफ्तारची भजी तळून झाली की पुष्कळ घरांत उरलेलं तेल डब्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यातच थोडं नवं तेल ओतून पुन्हा तळतात. महिनाभर हेच चालतं. तापलेल्या तेलात भज्याचं पाणी शिरतं, हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि तेलाचे रेणू तुटतात किंवा एकमेकांना चिकटतात. अशा बिघडलेल्या अंशाला 'पोलर संयुगं' म्हणतात. तेलातलं त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही, असा नियम एफएसएसएआयने 1 जुलै 2018 पासून लागू केला आहे. जळून तळाशी बसलेला बेसनाचा चुरा हा बिघाड आणखी वाढवतो. वरून नवं तेल ओतल्याने जुना बिघाड जात नाही, तो फक्त पातळ होतो.

हे तपासायचं यंत्र मिळतं, पण ते घरात कुणाकडे असणार? नुसत्या रंगावर जाऊ नका, कारण मिरची आणि मसाल्यानेही तेल काळवंडतं. नेहमीच्या आचेवर आधीपेक्षा लवकर धूर सुटणं, फेस येऊन तो न विरणं, तेल दाट आणि चिकट वाटणं, वास उग्र येणं, या खुणा दिसल्या की ते तेल टाकायचं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते सगळं 'ट्रान्स फॅट' होतं, असं ऐकू येतं. तळताना थोडं ट्रान्स फॅट तयार होतं हे खरं, पण मोठी भानगड पोलर संयुगांची आणि ऑक्सिडेशनची आहे. अशा तेलाने रक्तदाब वाढतो आणि रक्तवाहिन्यांना सूज येते, हे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ट्रान्स फॅटबद्दलचा पुरावा मात्र माणसांवरचा आणि पक्का आहे. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं.

हे ट्रान्स फॅट जास्त करून येतं ते अर्धवट हायड्रोजन देऊन घट्ट केलेल्या वनस्पती तुपातून, म्हणजे आपल्या बोलीतल्या डालड्यातून. ईदच्या आधी आपण मैदा, साखर आणि डालडा घेऊन बेकरीत जातो आणि नानखटाई भाजून आणतो. त्याचाच हिशेब करून पाहू. समजा अर्धा किलो डालड्यात 80 नानखटाया झाल्या. 2011 च्या नियमाप्रमाणे डालड्यात 10 टक्क्यांपर्यंत ट्रान्स फॅट चालत होतं. म्हणजे 500 ग्रॅममध्ये 50 ग्रॅम, आणि एका नानखटाईत साधारण 0.6 ग्रॅम. चार खाल्ल्या की अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने दिवसभरात सुमारे 2.2 ग्रॅमच्या वर जाऊ नये. म्हणजे ईदच्या सकाळी पाहुण्यांकडच्या एका बशीतच मर्यादा संपली.

1 जानेवारी 2022 पासून ही मर्यादा 2 टक्के झाली. तोच हिशेब आता केला तर चार नानखटायांत अर्धाच ग्रॅम येतो. हा फरक खराच मोठा आहे. पण तो नियम पाळलेल्या मालापुरता आहे. सुट्या डालड्यात काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून लेबल असलेलं बंद पाकीट घ्यावं आणि त्यावरचा ट्रान्स फॅटचा आकडा वाचावा. खारी आणि पॅटिसचे पापुद्रे घट्ट स्निग्धावरच उठतात, तेव्हा बेकरीवाल्याला त्याचा खोका दाखवायला सांगणं गैर नाही. शिवाय ट्रान्स कमी झालं तरी डालडा घट्ट ठेवायला संपृक्त चरबी लागतेच, बहुधा पाम तेलाची. साजूक तुपातही ती भरपूर असते. म्हणून ज्यांना स्टेंट आहे त्यांनी 'ट्रान्स नाही' म्हणून आठ खाव्यात, असा याचा अर्थ नाही.

आमच्या घरी आता छोटी, खोल कढई आहे. तिच्यात तेल कमी लागतं. त्यामुळे तळून उरतंही थोडंच, ते गार झाल्यावर गाळतो आणि एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवतो, पुन्हा तळणाला घेत नाही. जे खराब झालं ते मोरीत न ओतता रिकाम्या बाटलीत बंद करून टाकतो.