लोकलमधला कर्मणी प्रयोग

नाशिकला लोकल नाही. आमच्यासाठी लोकल कसाऱ्याला सुरू होते. घाट उतरून कसारा गाठायचं आणि तिथून मुंबईची लोकल पकडायची, हे इथल्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी केलेलं आहे. कसाऱ्याला खिडकी मिळते आणि माणूस स्वतःला नवाब समजतो. कल्याण आलं की नवाबी संपते.

माझा भाचा मुंब्र्याला राहतो आणि रोज सकाळी मशीद बंदरला नोकरीला जातो. त्याला रील बनवायचा नाद आहे. मागे त्याने गर्दीचे तीन तुकडे पाठवले आणि म्हणाला, "मामू, तुम्ही मराठी शिकवता ना? एक मजेदार कॅप्शन द्या."

त्याने स्वतः लिहिलेली ओळ अशी होती : "मुंबई लोकलमध्ये सकाळी किती भयंकर गर्दी असते बघा मित्रांनो." यात चूक काही नाही, पण हसूही येत नाही. गर्दी तर चित्रात दिसतेच आहे. जे डोळ्यांना दिसतं तेच पुन्हा शब्दांत सांगितलं की विनोद बसतो. शिवाय रीलखाली पहिली एखादी ओळच दिसते, बाकीचं 'more' च्या मागे जातं. 'मित्रांनो' पर्यंत कोण थांबणार? म्हणजे जे काय हसवायचं ते पहिल्या सहा-सात शब्दांत.

मी म्हटलं, "बेटा, तू गाडीत चढतोस कसा?" तो म्हणाला, "चढतो कुठे, मागचे ढकलतात." झालं. कॅप्शन तिथेच होतं : "मी चढलो नाही. चढवला गेलो."

मुलांना प्रयोग शिकवताना आम्ही सांगतो की 'मी चढलो' हा कर्तरी आणि 'मी चढवला गेलो' हा नवीन कर्मणी. पुस्तकात नवीन कर्मणी सरकारी वाटतो, लोकलमध्ये तो अगदी घरचा आहे. तिथे माणूस कर्ता राहतच नाही. तो चढवला जातो, सरकवला जातो, आणि नशीब असेल तर आपल्याच स्टेशनवर उतरवला जातो. नोकरदार माणूस या ओळीला हसतो, कारण आज सकाळीच त्याचं कर्तेपण गेलेलं असतं.

दुसरी युक्ती म्हणजे सगळ्यांच्या कानात बसलेलं वाक्य उचलायचं. गाडी आणि फलाट यांमधल्या अंतराची सूचना प्रत्येकाला पाठ आहे. त्यावर आम्ही दोघांनी मिळून केलं : "गाडी-फलाटातलं अंतर कळलं. आमच्या दोघांतलं कुठे गेलं?" रेल्वेची भाषाही कमी नाही. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असली की तिला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. इतक्या गंभीर चेहऱ्याने केलेला विनोद आपल्याला जमणार नाही.

एका तुकड्यात एक चाचा उभ्या उभ्या झोपले होते, तोंड उघडं. भाच्याला त्यांच्यावर ओळ हवी होती. उर्दूत 'तंज़' आणि 'मिज़ाह' असे दोन शब्द आहेत. तंज़ बोचतो, मिज़ाह हसवतो. तंज़ जरूर करावा, पण तो गर्दी सोसायला लावणाऱ्यांवर. पहाटे उठून घर चालवणाऱ्या चाचांना न विचारता त्यांचा चेहरा जगाला दाखवून हसणं ना तंज़ आहे ना मिज़ाह. तो तुकडा काढला.

तिसरा तुकडा दारातून घेतलेला. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात मोबाईल, बाहेर पळणारे खांब. वर ओळ : "लटकेंगे तो ही पहुँचेंगे." ओळ म्हणून तिन्हींत हीच चटकदार होती, आणि अडचण तीच होती. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. त्यातली एक गाडी कसाऱ्याकडे येणारी होती. त्या दिवशी चार जणांचे जीव गेले. भाच्याचं स्टेशन तेच, गल्लीत ती बातमी सगळ्यांच्या तोंडी होती.

तो म्हणाला, "मामू, लटकायची हौस नसते. आत जागाच नसते." हे खरं आहे, आणि म्हणूनच दारात लटकणाऱ्याला मी दोष देत नाही. पण मजबुरीने दारात उभं राहणं वेगळं आणि दांड्यावरचा एक हात सोडून तिचं चित्र काढणं वेगळं. ते बघून उद्या दुसरा पोरगा तसंच काढतो. आत चेंगरलेल्या माणसाचा विनोद संध्याकाळी घरी पोचून तो स्वतःच सांगतो. दारातल्या विनोदात सांगणारा घरी पोचेलच, याची खात्री नसते.

'चढवला गेलो' वाली ओळ त्याने टाकली. खाली त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी लिहिलं : "मीच ढकललं होतं." कर्मणी प्रयोगातला हरवलेला कर्ता असा सापडला.