लाल रेघ

बेळगावच्या आमच्या औषधाच्या दुकानात नवी मुलगी काउंटरला आली. फार्मासिस्ट आमचे हे, मी गल्ल्यावर. ऐन पावसाळ्यात गल्लीतले एक काका आले.

"ताप आहे बघ, हाडं फुटल्यासारखी दुखताहेत. जोरदार गोळी दे की!"

पोरीनं डायक्लोफिनॅकची पट्टी काढलीसुद्धा. मी तिचा हात धरला. "लाल रेघ बघ. चिठ्ठीशिवाय नाही."

"काकू, दुखण्याचीच आहे की ही!"

आहे ना. पण असा ताप डेंग्यूचाही असतो. त्यात प्लेटलेट्स घटतात. वर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेतलं तर रक्तस्रावाची भीती वाढते. मी ह्यांना हाक मारली, कारण सल्ला द्यायचा तो त्यांनी, आम्ही दोघींनी नाही. ह्यांनी लिव्हरचा त्रास नाही ना विचारलं, पॅरासिटामॉल ५०० च्या दोनच गोळ्या दिल्या, सहा तासांच्या अंतरानं एकेक, आणि रक्त तपासायला पाठवलं.

"विकायला बसलाय की शिकवायला?" काका चिडून गेले. आमचं जुनं गिऱ्हाईक. मलाही चुटपुट लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांची सून चिठ्ठी घेऊन आली. डेंग्यूच निघाला होता. पोरगी काही बोलली नाही. दुपारी तिनं डायक्लोफिनॅकचा डबा काउंटरच्या खणातून उचलला आणि मागे ह्यांच्या टेबलाशी नेऊन ठेवला.